‘फुल कडक माल, दोन गाड्या’

मी एका कांदा व्यापाऱ्याच्या ऑफिसात काम करते. शेठ बोलतात ते मेसेज नीट लिहून मोठ्या खरेदीदारांना पाठवणं हे त्यातलं एक काम. त्या सकाळी त्यांचा व्हॉइस मेसेज आला: “चाळीतला माल निघालाय, फुल कडक, सगळा मोठा. दोन गाड्या. भाव कालचाच. टाक सगळ्यांना.”

पण काल दोन भाव झाले होते, एक गोळ्याचा म्हणजे मोठ्या कांद्याचा, एक मध्यमचा. शिवाय गाडी दहा टनांची की सोळा, हेही त्यात नव्हतं. शेठना फोन केला. दहा टनांच्या दोन गाड्या आणि भाव गोळ्याचा, हे मिनिटभरात कळलं. अडलं ते ‘सगळा मोठा’वर.

मोठा म्हणजे किती? हॉटेलांना माल पुरवणारा खरेदीदार ५५ मिमीच्या खालचा कांदा वेगळा काढतो आणि त्याचे पैसे कापतो. म्हणून हमालांना ढिगाच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या गोण्यांतून मिळून दहा किलो कांदा काढायला सांगितला. वरच्याच गोणीतून घेतला तर तो नेहमी देखणा निघतो! ५५ मिमीच्या कड्यातून एकेक कांदा घालून पाहिला. साडेसात किलो कड्यावर अडला, दोन किलो खाली पडला पण ४५च्या वरचा होता, उरलेल्या अर्ध्या किलोत गोल्टी म्हणजे अगदी बारीक कांदा, आणि जोडकांदे. मोड एकालाही नव्हता, काजळी म्हणजे काळी बुरशी दोन-तीन कांद्यांवर, तीही फक्त वरच्या पत्तीला.

मग लिहिलं:

“उन्हाळी कांदा, चाळीतला. एकूण २० टन, ५० किलोच्या गोण्या, बारदान वजा करून. ५५ मिमीच्या वर किमान ७५ टक्के, ४५ ते ५५ मिमी सुमारे २० टक्के, गोल्टी व जोड ५ टक्क्यांपर्यंत. मोड नाही, वरच्या पत्तीवर किरकोळ काजळी. भाव जागेवर, भराई आमच्याकडे, गाडीभाडं तुमच्याकडे. वजन भरतानाचं धरलं जाईल. भाव आज संध्याकाळी सहापर्यंत.” खाली भावाचा आकडा आणि कापलेल्या कांद्यासकट तीन फोटो.

शेठ वैतागले. “गोल्टी आणि काजळी कशाला लिहिलीस? गिऱ्हाईक पळेल.”

“शेठ, उतरवताना ते बघणारच आहेत. तेव्हा गाडी त्यांच्या दारात असेल, आणि कापतील तेवढं आपण मुकाट सोसू.”

ते काही बोलले नाहीत, पण काढायलाही सांगितलं नाही. गेल्या हंगामात अशीच एक गाडी अर्ध्या भावात सोडावी लागली होती, ते दोघांनाही आठवत असणार.

दुपारी एकाच खरेदीदाराचा फोन आला. गोल्टीबद्दल अवाक्षर नाही. वाद फक्त वजनाचा: प्रवासात कांदा सुकतो, तेव्हा उतरतानाचं वजन धरा. शेठ स्वतः फोनवर आले. भरतानाचंच वजन धरायचं, पण एक टक्क्याची घट आपण सोसायची, असं ठरलं. ती ओळ मी लगेच लिहून दोघांनाही पाठवली. एक गाडी गेली, दुसरीला गिऱ्हाईक मिळालं नाही. सहा वाजता भाव संपला.