साठ रोजांचं रान

समप्रमाण शिकवून झालं की सातवीच्या मुलांचा हात तिरकस गुणाकारावर बसतो. 8 वह्यांना 200 रुपये तर 5 वह्यांना किती, हे ती डोळे मिटून सोडवतात. त्यामुळे व्यस्तप्रमाणाचा पहिला तास मला दरवर्षी जड जातो. यंदाचा तर अजून डोक्यातून गेलेला नाही.

फळ्यावर लिहिलं: 12 बाया कपाशीचं एक रान 5 दिवसांत खुरपतात. 15 बाया लावल्या तर किती दिवस लागतील?

जवळजवळ अर्ध्या वर्गाचं उत्तर आलं सव्वासहा. 15 पाचे 75, भागिले 12. बाया वाढल्या तरी दिवसही वाढले, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. शिष्यवृत्तीच्या तयारीत आम्ही शिक्षकच युक्त्या घोकून घेतो, त्याचं हे फळ. चार-पाच जणांनी मात्र 2 लिहिलं. 3 बाया वाढल्या, म्हणून 3 दिवस घटले. मला ही चूक जास्त फसवी वाटते, कारण दिवस कमी झालेले दिसतात आणि पोराला वाटतं, आपल्याला कळलं.

मी खोडायला डस्टर उचललं, तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिची आई खुरपणीला जाते. म्हणाली, "सर, त्या रानाला साठ रोज लागतात. पंधरा बायांचे दोन दिवसांत तीसच रोज भरले. अर्धं रान तणातच राहील की."

इतकी वर्षं मी 'दोन राशींचा गुणाकार स्थिर असतो' असं सांगत आलो. एका बाईचं एका दिवसाचं काम म्हणजे एक रोज. त्या स्थिर संख्येला गावात नाव होतं, रोज, आणि ते मला वर्गात आणायचं सुचलं नव्हतं. साठ रोज, पंधरा बाया, म्हणजे 4 दिवस. पुढे समप्रमाणही तिथेच सापडलं. एका दिवसात 12 बाया 12 रोजांचं रान उरकतात, 15 बाया 15 रोजांचं. दिवस तोच ठेवला तर बाया आणि रान सोबत वाढतात. रान तेच ठेवलं की बाया वाढतात आणि दिवस घटतात. काय कायम धरलंय, ते आधी विचारायचं.

मग मागून एकाने विचारलं, "120 बाया लावल्या तर?" मी म्हणालो, अर्धा दिवस. त्या मुलीने लगेच नकारार्थी मान हलवली. "अर्ध्या दिवसाला कोण येतं, सर? हजेरी पुरी द्यावी लागते. आणि एवढ्या बायांना पाती कुठून आणायच्या?"

खुरपताना प्रत्येक बाई एक पात धरून पुढे सरकते. पाती संपल्या की उरलेल्या बाया बांधावर उभ्या राहणार, आणि मालकाच्या वहीत रोज पडणार 120.

तेव्हापासून उदाहरणाखाली मी एक ओळ जास्त लिहितो: सगळ्या बायांचा उरक सारखा आहे, आणि प्रत्येकीला पात मिळते.