जांभळ्या डोक्यांचे दोन स्क्रू

आषाढातली संततधार होती आणि दुकानात सकाळपासून फक्त एक प्रिंटर आला होता. अकराच्या सुमारास शाळेत शिकवणारे एक सर त्यांच्या मुलीला घेऊन आले. मुलगी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. पिशवीतून लॅपटॉप काढता काढताच सर म्हणाले, ‘‘स्क्रीन गेलीय. एका ठिकाणी दाखवला, ते नवी टाकायला सांगतायत. साडेआठ हजार.’’

मी लॅपटॉप चालू केला. चित्र स्वच्छ होतं. झाकण हळूहळू मागे नेलं तसं एका ठरावीक कोनात चित्र थरथरलं, आणखी मागे नेलं तर पुन्हा नीट झालं. पॅनेल खराब असेल तर ते कोन बघून खराब होत नाही. स्क्रीनची केबल डाव्या बिजागरीला वळसा घालून वर जाते, ती कुठेतरी दाबली जात असणार. मग मी लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीवर धरला आणि झाकण उघडताना मागच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. खालची बॉडी तिथे तोंड उघडत होती. चांगली चार मिलिमीटरची फट, आणि आतून पापड मोडल्यासारखा आवाज.

‘‘काका, तो आवाज दिवाळीपासून येतोय,’’ मुलगी म्हणाली.

‘‘सर, स्क्रीन चांगली आहे. हिंज उखडलाय.’’

सरांचा विश्वास बसेना. ‘‘अहो, मेटल बॉडी आहे ही. ॲल्युमिनियम! प्लास्टिकचा नको म्हणून मुद्दाम सात हजार जास्त घातले.’’

त्यांची चूक नव्हती. हात लावला की थंड, चकचकीत ॲल्युमिनियमच लागत होतं. मी म्हटलं, ‘‘बसा, तुमच्यासमोरच उघडतो.’’ पावसामुळे त्यांनाही जायची घाई नव्हती.

खालचे दहा स्क्रू काढले, तळ सोडवला आणि सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढला. डाव्या हिंजची पोलादी पट्टी उचकटून एकाच स्क्रूवर लोंबत होती. तिचे तिन्ही स्क्रू अजून पट्टीत घट्ट होते, पण त्यांतल्या दोघांच्या टोकाला पितळी नट आणि नटाभोवती काळ्या प्लास्टिकची फुटकी कडी लटकत होती. दात उपटला की मुळाला हिरडीचा तुकडा यावा तशी. तिसरा नट जागेवर होता, पण त्याच्याभोवती केसाएवढा तडा गेलेला.

मी तो भाग सरांपुढे धरला. कीबोर्डभोवती वरून जे दिसतं ते ॲल्युमिनियम म्हणजे मिलिमीटरभरही जाड नसलेला पत्रा. त्याच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा सांगाडा चिकटवलेला. प्लास्टिकच्या खुंट्या त्या सांगाड्यातूनच उगवलेल्या, प्रत्येक खुंटीत एक छोटा पितळी नट गरम करून बसवलेला, आणि हिंजचे स्क्रू त्या नटांत. म्हणजे झाकणाचा सगळा भार शेवटी पेन्सिलीहून बारीक अशा तीन प्लास्टिकच्या खुंट्यांवर. ॲल्युमिनियम त्या भाराच्या वाटेत कुठे येतच नव्हतं.

‘‘म्हणजे वर्ख,’’ सर म्हणाले. मला इतका नेमका शब्द पंधरा वर्षांत सुचला नव्हता.

सगळेच ॲल्युमिनियमवाले असे नसतात. ॲपलने २००८ साली ॲल्युमिनियमच्या अख्ख्या ठोकळ्यातून बॉडी कोरायला सुरुवात केली. तशा बॉडीत हिंजचा स्क्रू थेट धातूतच जातो. तिथे खुंटी उपटण्याचा प्रश्न येत नाही. पडला तर कोपरा चेपतो आणि चेपलेलाच राहतो, कारण ॲल्युमिनियम वाकलं की परत येत नाही. पण दोन्ही प्रकार जाहिरातीत ‘मेटल बॉडी’च असतात.

आता खरा प्रश्न. खुंट्या का तुटल्या? पाहताना वाटतं, प्लास्टिक हलकं म्हणून. मी उजवा हिंजही काढला आणि दोन्ही हिंज मुलीच्या हातात दिले. ‘‘फिरवून बघ.’’ उजवा तिच्या बोटांनी जरा जोर लावल्यावर फिरला. डावा हलेना. मला नोजप्लायर घ्यावा लागला.

लॅपटॉपची बिजागरी दाराच्या बिजागरीसारखी सैल नसते. पोलादी दांड्यावर वॉशर आणि ताटलीसारख्या स्प्रिंग चकत्या एकावर एक असतात, टोकाला एक नट त्या आवळून धरतो, आणि मधे ग्रीस असतं. त्या घर्षणामुळेच झाकण हव्या त्या कोनात थांबतं. रत्नागिरीत, तेही सरांसारखं भाट्याच्या किनाऱ्याजवळ घर असेल तर, खारी हवा आत शिरते. ग्रीस सुकतं, चकत्यांवर तांबूस गंज चढतो, आणि हिंज वर्षागणिक कडक होत जातो. माणसाला ते कळत नाही, कारण झाकण हा लांब दांडा आहे. साधा हिशेब करा. झाकणाची उंची २२ सेंटिमीटर, आणि हिंजच्या आसापासून स्क्रूंचं अंतर अडीच सेंटिमीटर. म्हणजे झाकणाच्या कडेला बोटांनी एक किलोचा जोर लावला, की तिकडे खुंट्यांना जवळजवळ नऊ किलोची ओढ बसते. त्यात मुलगी डाव्या हाताने डावा कोपरा धरूनच उघडायची. मी विचारलं तेव्हा तिने लगेच तसं करून दाखवलं. कोपऱ्यातून उघडलं की बराचसा भार त्या एका हिंजवर जातो.

म्हणून नुसत्या खुंट्या चिकटवून देणं म्हणजे गिऱ्हाइकाला महिन्याभराने परत बोलावणं. आधी हिंज सैल करायला हवा. नट कुठे होता तिथे मार्करने रेघ मारली, चकत्या सोडवून पुसल्या, ग्रीस लावलं, आणि नट रेघेपेक्षा पाव फेरा कमी आवळला. उजव्याशी ताडून पाहिलं, अजून कडक. आणखी थोडा सैल केला. फार सैल केला तर झाकण मागे कलंडतं. दोन्ही हातात सारखे लागले की थांबायचं.

आता खुंट्या. नेहमीचा मार्ग अरल्डाइटचा. प्लास्टिक खरखरीत पेपरने घासायचं, आयपीएने, म्हणजे साफसफाईच्या अल्कोहोलने, पुसायचं, नट जागी बसवून भोवती भरायचं आणि चोवीस तास हात लावायचा नाही. पावसाळ्यात मी दोन दिवस ठेवतो. फेविक्विक भरून आलेली मशिनं मला महिन्याला दोन-तीन दिसतात, ते उघड-मीट झेलत नाही. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी हुशारीने स्क्रूवर थ्रेडलॉकर घातलेला असतो. धातूत ते औषध उत्तम, पण लॅपटॉपच्या प्लास्टिकला लागलं की प्लास्टिक आतून ठिसूळ होऊन तडकतं. स्क्रू सुटू नये म्हणून घातलेलं औषध खुंटीच खातं.

इथे मात्र पकडायला खुंटीच उरली नव्हती. दुसरा मार्ग होता. ‘‘सर, आरपार स्क्रू टाकता येतील. वरच्या पत्र्याला दोन भोकं पाडून, स्क्रूची डोकी पत्र्यात बसवून. कीबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात दिसतील. शोभा जाईल, पण भार पत्र्यावर येईल.’’

सर मुलीकडे बघत राहिले. ती म्हणाली, ‘‘दिसू देत.’’

कीबोर्डभोवतीचा सबंध टॉप केस नवा टाकण्याचाही पर्याय होता. पण त्या नव्या केसमध्ये खुंट्या त्याच असत्या.

भोकं पाडण्याआधी मदरबोर्ड, पंखा, सगळं बाहेर काढावं लागतं. ॲल्युमिनियमचा एक किस बोर्डवर राहिला तर हिंजच्या कामात मदरबोर्ड गमवाल. हे मी शिकलो ते लॅमिंग्टन रोडवर उमेदवारी करताना, दुसऱ्याच्या पैशांनी. त्या पैशांचा मालक माझ्याशी अजून बोलत नाही.

पाऊस थांबेना म्हणून सर तिथेच बसले आणि भंगाराच्या खोक्यात डोकावू लागले. ‘‘मग हे कशाचं?’’ त्यांनी एक राखाडी सांगाडा उचलला. हातात घेताच त्यांच्या भुवया वर गेल्या. धातू दिसतो, पण वजन लागत नाही. तो एका ऑफिसच्या जुन्या मशिनचा मॅग्नेशियमचा तळ होता. मॅग्नेशियम त्याच आकाराच्या ॲल्युमिनियमपेक्षा एक तृतीयांश हलकं. लॅपटॉपसाठी ते बहुधा साच्यात ओतून घेतात, म्हणून खुंटी, फासळी, कोपऱ्याचा जाडपणा सगळं एकाच तुकड्यात येतं. स्क्रूचे आटे त्या धातूतच. पॅनासोनिकच्या टफबुकांत ते नव्वदच्या दशकापासून आहे; थिंकपॅडच्या टी६० मध्ये २००६ साली आतला पिंजराच मॅग्नेशियमचा होता. तशी मशिनं आजही दुकानात येतात, बॅटरीसाठी किंवा कीबोर्डसाठी. हिंज उपटलेला मला त्यांत क्वचितच दिसला.

‘‘मग हेच घ्यायचं,’’ सर म्हणाले.

मी सांगाडा उलटा करून त्यांना कोपरा दाखवला. जिन्यावरून पडलेला होता. ॲल्युमिनियम तिथे चेपलं असतं. हे सरळ तडकलं होतं, कपासारखं. तडकलेलं मॅग्नेशियम माझ्या टेबलावर दुरुस्त होत नाही. वेल्डिंगच्या वाटेला जात नाही, आणि ग्राइंडर तर अजिबात लावत नाही, कारण त्याचा बारीक किस पेट घेतो. शिवाय जिथे रंग उडाला होता आणि पोलादी स्क्रू होता, तिथे पांढरी भुकटी धरली होती. दोन वेगळे धातू आणि मधे खारा ओलावा, की मॅग्नेशियमच झिजतं. नाशकातल्या माणसाला मी हे सांगितलंही नसतं. भाट्यातल्या माणसाला सांगावं लागतं.

आणि ज्यावर मी बिलं करतो तो माझा लॅपटॉप? नखशिखान्त प्लास्टिक, अकरा वर्षांचा. मी तो फिरवून त्यांना दाखवला. त्याच्या हिंजची पट्टी हाताच्या दोन बोटांएवढी लांब आहे, पाच स्क्रूंवर बसलेली, आणि खुंट्या जाडजूड, एकमेकींना फासळ्यांनी बांधलेल्या. वर्षाआड ग्रीस मी घालतो. प्लास्टिकला भार वाटून दिला तर ते पुष्कळ सहन करतं; शिवाय वाकून परत येतं, जे ॲल्युमिनियमला जमत नाही आणि मॅग्नेशियमला तर नाहीच.

‘‘पण दुकानात गिऱ्हाइकाला हे कळणार कसं?’’ सरांचा प्रश्न रास्त होता. डब्यावर खुंट्यांची जाडी छापत नाहीत. मी म्हटलं, झाकण एका कोपऱ्याला धरून सावकाश उघडा आणि मागून बघा. नव्या मशिनची शिवण तिथे जराही हलता कामा नये. मग त्याच मॉडेलचा उघडून दाखवणारा व्हिडिओ शोधा, आणि हिंजचा स्क्रू कशात जातो तेवढंच बघा.

तिसऱ्या दिवशी मशिन दिलं. केबल बदलली नाही, नुसती वळशात नीट बसवली, थरथर गेली. दोन स्क्रू कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात टिकल्यांसारखे दिसत होते. सगळे मिळून बाराशे झाले. साडेआठ हजारांची तयारी करून आलेल्या सरांनी त्यातही शंभर कमी करून घेतले.

दिवाळीनंतर मुलगी रॅम वाढवायला आली. मी आधी मागून बघत झाकण उघडलं. फट नाही, आवाज नाही. झाकण मधोमध धरून उघडायची सवय तिला लागली होती की नाही, ते विचारलं नाही. त्या दोन स्क्रूंच्या डोक्यांवर तिने जांभळं नेलपॉलिश लावलं होतं.

‘‘काका, प्लास्टिकला नाही लावलं हं,’’ ती म्हणाली, ‘‘फक्त पत्र्याला.’’