पाडवा रविवारी, ईद सोमवारी, अमावास्या मात्र एकच

२०२५ च्या मार्च अखेरीला आमच्या मस्कतच्या इमारतीत एक गंमत झाली. आम्ही रविवारी, ३० तारखेला, बाल्कनीत गुढी उभारली. शेजारचे चाचा मूळचे राजापूरकडचे. ते त्या दिवशी तिसावा रोजा धरून बसले होते. त्यांची दम्मामची बहीण, म्हणजे सौदीत, त्याच सकाळी ईदची नमाज पढून मोकळी झाली होती, आणि राजापुरात भावाचा तो एकोणतिसावा रोजा होता. चाचा म्हणाले, "एकाच चांदाचे आम्ही तीन हिशेब लावलेत."

आपला हिशेब सोपा. अमावास्या २९ मार्चला मस्कतच्या वेळेनुसार दुपारी तीनच्या सुमारास संपली, रविवारच्या सूर्योदयाला प्रतिपदा चालू होती, म्हणून पाडवा रविवारी. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश सरकला की एक तिथी संपते. हे गणित आकाशाकडे न बघता होतं, आणि प्रतिपदेचा चंद्र सहसा कोणाला दिसतही नाही. आपण चंद्र बघतो तो बिजेचा.

ईदचा महिना मात्र कोर दिसल्यावर सुरू होतो. एकोणतिसाव्या संध्याकाळी पश्चिमेला पाहायचं. दिसली तर दुसऱ्या दिवशी नवा महिना, नाही तर तीस दिवस पुरे करायचे, एकतिसावा नाहीच.

ओमानमध्ये रमजान १ मार्चला सुरू झाला होता, म्हणून एकोणतिसावी संध्याकाळ आली नेमकी शनिवारी, अमावास्या संपल्याच्या दिवशीच. मस्कतला सूर्य साधारण सहा वीसला मावळला. म्हणजे चंद्र सूर्याला गाठून पुढे निघाल्याला साडेतीन तासही झाले नव्हते. दोघांत अंतर होतं फार तर दोन-तीन अंश. आँद्रे दांजाँ या फ्रेंच खगोलज्ञाने दाखवलं होतं की हे अंतर सुमारे सात अंशांपेक्षा कमी असेल तर उजळलेली कड इतकी बारीक असते की कोर बनतच नाही. नुसत्या डोळ्यांना तर साधारण दहा अंश लागतात. त्यामुळे डोंगरावर चढून, दुर्बीण लावूनही उपयोग नव्हता. त्याच दिवशी युरोपात आणि मोरोक्कोत खंडग्रास सूर्यग्रहण दिसलं, म्हणजे चंद्र सूर्याच्या अगदी समोरून जात असल्याचं लोकांनी स्वतःच पाहिलं होतं.

तरी सौदीत त्या संध्याकाळी चंद्र दिसल्याचं जाहीर झालं. तिथल्या उम्मुल-कुरा कॅलेंडरात ३० मार्च आधीच छापलेला होता. त्या कॅलेंडराचा नियम असा: मक्केत सूर्यास्ताआधी अमावास्या संपलेली असावी आणि चंद्र सूर्यानंतर मावळावा. मग तो दिसण्याजोगा असो वा नसो. रमजान आणि ईदसाठी मात्र साक्षी घेतल्या जातात, आणि घोळ इथेच होतो. मनात तारीख पक्की असलेला माणूस क्षितिजावरच्या धुळीत एखादी उजळ रेघ पाहतो आणि शपथेवर सांगतो. त्यात खोटेपणा असेलच असं नाही.

तुर्कस्तानानेही ईद रविवारीच केली, पण वेगळ्या वाटेने. तिथे गणित विचारतं, पृथ्वीवर कुठेही कोर दिसण्याजोगी होईल का? शनिवारी अमेरिकेत संध्याकाळ होईपर्यंत ती तशी होणार होती. मला हा सरळ मार्ग वाटतो: गणित करायचं तर गणित म्हणूनच करावं, त्याला डोळ्यांची साक्ष जोडू नये.

ओमानने सोमवार जाहीर केला. इथे गणित वापरतात ते अशक्य साक्ष बाजूला सारायला. महिना ठरतो तो दिसण्यावरच. ऑफिसात सुट्टीचा पत्ता ऐन रात्री लागतो म्हणून आम्ही कुरकुरतो, पण निर्णय मला पटतो.

रविवारी संध्याकाळी गच्चीवर गेलो तर चंद्र उंच आणि चांगला ठसठशीत. कोणीतरी लगेच म्हणालं, "बघा, हा दुसऱ्या दिवसाचा! सौदी बरोबर होती." हा नेहमीचा फसवा पुरावा. चंद्र आता सत्तावीस तासांचा होता, आणि त्या दिवसांत पृथ्वीजवळ असल्याने झपाट्याने पुढे सरकला होता. सोळा-सतरा अंशांवरची कोर जाडच दिसणार, मग आदल्या दिवशी ती दिसलेली असो वा नसो. आपल्या पंचांगात तेव्हा द्वितीया लागलेली होती. म्हणजे ती बिजेचीच कोर.

चाचांना तो पाहायची घाईच नव्हती. आमच्याकडे सूर्य अजून वर असतानाच राजापूरहून भावाचा फोन येऊन गेला होता. तिथे तासभर आधी सूर्य मावळतो. एकोणतीस रोज्यांवर त्यांची ईद, तिसांवर यांची, दोघांचीही सोमवारी.