आजीच्या फोटोतली बादली

आत्याला आजीचा एक फोटो फ्रेम करायचा होता. वाड्याच्या भिंतीशी उभी आजी, आणि तिच्या पायाशी कुणीतरी विसरलेली बादली. ती काढून दे, एवढीच मागणी. निगेटिव्ह जपून ठेवलेली होती, आग्फा क्लिक थ्रीवर काढलेली, सहा बाय सहा सेंटिमीटरची. २४०० डीपीआयने, १६ बिटमध्ये स्कॅन केली.

पहिल्या प्रयत्नात मऊ कडेच्या ब्रशने शेजारची भिंत क्लोन करत बादली झाकली. वीस मिनिटांत काम झालं. पण शंभर टक्क्यांवर पाहिलं, तर तिथली भिंत ओल्या बोटाने पुसल्यासारखी दिसत होती. गिम्प या फोटो-संपादन प्रोग्रामच्या Histogram मध्ये तपासलं: शाबूत भिंतीच्या तुकड्यावर Std dev, म्हणजे छटांचा चढउतार, ६.२, माझ्या ठिगळावर ४.४. मऊ कडेला दोन ठिकाणचे फिल्मचे दाणे अर्धे अर्धे मिसळतात आणि एकमेकांना बोथट करतात. ६.२ ला दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१ ने, भागलं की नेमके तेच ४.४.

म्हणून दाणा आणि छटा वेगळ्याच केल्या. फोटोची एक प्रत ८ पिक्सेलने ब्लर केली, तिचा मोड Grain extract ठेवला आणि जे दिसलं त्याचा नवा लेयर घेतला. त्यात जवळपास फक्त दाणे उरले. मग ब्लर प्रत परत Normal केली, दाण्यांचा लेयर तिच्यावर Grain merge मध्ये ठेवला, की मूळ फोटो जसाच्या तसा दिसतो.

आता खालच्या लेयरवर मोठ्या मऊ ब्रशने निवांत रंगवता येतं, कारण तिथे बिघडायला दाणाच नाही. वरच्या लेयरवर मात्र ब्रश कडक कडेचाच. दाण्यांना जोड दिसत नाही, पण एकच तुकडा दोनदा वापरला की नक्षी लगेच डोळ्यांत भरते, म्हणून चार जागांवरून घेतले. भिंतीसाठी भिंतीचे, फरशीसाठी फरशीचे; गडद फरशीवर दाणा निम्माच होता. ब्लरमुळे बादलीची कड दोन्ही लेयरवर बाहेर पसरलेली असते, तेव्हा वीसेक पिक्सेल जास्तच पुसावं लागतं. हे मला दुसऱ्यांदा करताना कळलं.

फरशीच्या सांध्यात मी आधी शुद्ध काळा भरला होता आणि तो भोकासारखा दिसला. या स्कॅनमध्ये सगळ्यात गडद जागा, आजीचे केस, ० ते २५५ च्या मोजपट्टीवर २६ च्या आसपास होती. त्याखाली काहीच जायला नको.

आत्याला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, बादली गेली, पण तिची सावली गेलीच नाही!"

खरंच, भिंतीवर तिरपी सावली तशीच होती: भिंत १५२, सावली ११८. सगळ्या फोटोवर Curves लावून उजळली असती तर दाणेही ताणून खरखरीत झाले असते. फक्त खालच्या लेयरवर, कड मऊ केलेल्या निवडीत, ११८ ला १५२ वर नेलं. वरच्या दाण्यांच्या लेयरवर तेवढ्या भागात भिंतीचे दाणे बसवले, आणि प्रिंटला दिला.