लाल चौकटीतली अर्धी ओळ

आज रामटेककडच्या एका घरी गेले होते. काकांचा टीबीचा दुसरा महिना सुरू आहे. वजन 45 किलो, म्हणून रोज एकदम तीन गोळ्या. तीन दिवसांपासून बंद!

काकूंनी स्ट्रिपचा तुकडा आणि त्यावरून पुतण्याने मराठीत लिहिलेली चिठ्ठी पुढे केली : "हे औषध घेणे धोकादायक आहे."

"ताई, सरकारी औषध म्हून आमाले काहीबी देता का?" त्यात लघवी केशरी झालेली. त्यांची भीती मला खरंच समजली.

स्ट्रिप कापलेली होती, म्हणून चिठ्ठीत वाक्य अर्धंच आलं होतं. घरातली दुसरी स्ट्रिप मागितली आणि लाल चौकटीतलं पूर्ण वाक्य पुतण्यालाच वाचायला लावलं. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेणं धोकादायक, असं ते आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये, हेही खाली लिहिलंय. टीबीची औषधं मनाने घेतली, मध्येच सोडली, तर जंतू त्यांना दाद देईनासे होतात, म्हणूनच ही चौकट. लघवीचा केशरी रंग गोळीतल्या रिफॅम्पिसिन या औषधाचा, त्याने अपाय नाही.

पण डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या झाल्या किंवा नजर अंधुक झाली, तर गोळ्या थांबवून लगेच दवाखाना गाठायचा, हेही स्पष्ट सांगितलं. काकांना यातलं काही नव्हतं.

तरी काकू गप्पच. मग आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना स्पीकरवर घेतलं. ते म्हणाले, "आजपासून रोजच्या तीनच. राहिलेल्या भरून काढायला जास्त नका घेऊ. उद्या काकांना दाखवायला आणा."

काकांनी माझ्यासमोर गोळ्या घेतल्या. काकूंनी पुतण्याला चिठ्ठी पुन्हा, पूर्ण लिहायला बसवलं.