लाल रंगातले तेरा

आज ऑक्टोबरचा पहिला आठवडा, म्हणजे सहामाही रिव्ह्यू. अंधेरीच्या ऑफिसात ती छोटी मीटिंग रूम मिळाली, जिथे एसी एकतर बंद असतो नाहीतर हिमालय.

टीममधली ठाणे-कल्याण बघणारी मुलगी समोर बसली आणि स्क्रीनवर तिचं टार्गेट उघडलं. वर्षाला चाळीस नवीन दुकानं, निम्मं वर्ष संपलं म्हणजे वीस हवीत, झालीत तेरा, सिस्टिमने लाल करून ठेवलंय. आता गंमत अशी की जूनअखेर तिची दहाच्या जागी बारा झाली होती, आणि जुलैत वरून आलं की उधारी फार अडकलीय, नवीन दुकानं बंद, आधी वसुली. ते मी तिला दादर स्टेशनवरून फोनवर सांगितलं आणि फॉर्म बदलायचा राहिलाच, चूक शंभर टक्के माझी. तीन महिने ती पोरगी वसुलीला फिरली, नव्वद दिवसांवरची बाकी अडतीस लाखांवरून तेवीसवर आणली, आणि कागदावर त्याचं कुठे नावच नाही. मार्चनंतर रेटिंगला बसतात तेव्हा वरचे लोक फक्त तो लाल आकडा बघणार, फोनवर काय बोलणं झालं ते कोण विचारतंय.

मग आम्ही जुनं टार्गेट पुसलं नाही, ३० जूनला थांबवलं. दहाला बारा, कारण लिहून बंद. जुलै-सप्टेंबरची वसुली झालेलं काम म्हणून वेगळी लिहिली, थकबाकीची यादी जोडून, कारण झालेल्या कामाला आज टार्गेट म्हणणं म्हणजे बाण मारून मग भोवती गोल काढणं. पुढचे सहा महिने नवीन. मी म्हटलं तेवीसचे दहा कर. ती म्हणाली, "सर, त्यातले पाच लाख कोर्टात गेलेल्या दोन पार्ट्यांचे आहेत, ते माझ्या हातात कुठेयत?" बरोबर होतं. ते बाजूला काढले, राहिले अठरा, मार्चअखेर सहावर आणायचे.

दुपारी दुसरा आला, त्याची जूनअखेर चारच दुकानं होती. "प्रायॉरिटीच बदलली ना सर!" अरे पण बदलली जुलैत. त्याचे दहाला चार तसेच राहिले, तोंड पाडून गेला बिचारा.

एचआरकडून फॉर्म परत उघडून घ्यावा लागेल, तिकडे नेहमीसारखं "बघतो". संध्याकाळी निघताना ती मुलगी डेस्कशी आली, म्हणाली, "सर, तोपर्यंत हे सगळं मेलवर टाका ना, मार्चमध्ये तुम्ही याच टीमला असाल की नाही काय माहीत."

ट्रेनमध्ये उभ्या उभ्या मेल टाईप केला, साहेबांना सीसी करून. पाठवला तेव्हा घाटकोपर गेलं होतं.