रोजनिशी: रांगेत उजवीकडे कोण कोण दिसते?

आजची दुपार एकाच प्रश्नाला दिली. त्याचे उत्तर काढणारा प्रोग्राम जेमतेम बारा ओळींचा आहे, पण तो बरोबर का चालतो हे स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवावे, असे बरेच दिवस मनात होते. लीटकोड या प्रोग्रामिंगच्या सरावाच्या संकेतस्थळावर हा प्रश्न १९४४ क्रमांकाचा आहे. माणसे एका सरळ रांगेत उभी आहेत, प्रत्येकाची उंची वेगळी आहे, आणि प्रत्येकाला आपल्या उजवीकडचे किती जण दिसतात ते सांगायचे आहे. दोघांच्या मध्ये उभे असलेले सगळे जण त्या दोघांहूनही बुटके असतील, तरच डावीकडच्याला उजवीकडचा दिसतो. म्हणजे मधला माणूस पाहणाऱ्यापेक्षा बुटका असणे पुरेसे नाही. तो पलीकडच्यापेक्षा उंच असला, तर पलीकडचा त्याच्याआड झाकला जातो.

सात जणांची एक रांग मी वहीत मांडली. त्यांच्या उंची सेंटिमीटरमध्ये डावीकडून अशा: १६८, १५२, १६०, १४९, १५५, १७५, १६३. पहिल्या १६८ च्या जागी उभे राहून पाहिले तर १५२ दिसतो, त्याच्यामागे अधिक उंच असलेला १६० दिसतो, १४९ आणि १५५ मात्र १६० च्या आड जातात, आणि मग १७५ दिसतो. तो स्वतः १६८ पेक्षाही उंच असल्यामुळे त्याच्यापलीकडचे काहीच दिसत नाही. थोडक्यात, उजवीकडे सरकताना आतापर्यंतच्या सर्वांत उंच माणसाला जो मागे टाकतो तोच दिसतो, आणि आपल्याहून उंच असा पहिला माणूस भेटला की त्याला मोजून थांबायचे.

हेच प्रत्येकासाठी वेगळे करत बसले तर उत्तर मिळते, पण फार वेळ लागतो. प्रश्नात रांग १,००,००० माणसांपर्यंतची असू शकते, आणि एवढ्या लोकांच्या सगळ्या जोड्या तपासायच्या म्हटल्या तर त्या जवळपास ५०० कोटी होतात. म्हणून रांगेकडे उलट्या दिशेने, उजव्या टोकाकडून पाहायचे. १६० पर्यंत आलो की लक्षात येते की १४९ आणि १५५ यांना १६० च्या डावीकडचा कोणीही, कितीही उंच असला तरी, कधीच पाहू शकणार नाही, कारण मध्ये त्यांच्याहून उंच असा १६० उभा आहे. त्या दोघांना पाहणारा शेवटचा माणूस खुद्द १६०. तेव्हा १६० च्या खात्यात त्यांची नोंद करायची आणि त्यांना कायमचे विसरून जायचे. माणूस यादीतून निघण्याचा क्षण आणि मोजला जाण्याचा क्षण असे एकच होतात, आणि मला या रीतीचे सारे सौंदर्य याच जागी वाटते.

जे विसरायचे नाहीत ते स्टॅकमध्ये, म्हणजे फक्त वरच्या टोकालाच ठेवता आणि काढता येणाऱ्या यादीत, राहतात. स्टॅकच्या वरच्या टोकाला सर्वांत जवळचा माणूस असतो, आणि खाली जावे तसे माणूस दूरचा आणि अधिक उंच होत जातो. उंचीचा हा एकाच दिशेने जाणारा क्रम कधी मोडत नाही, म्हणून त्याला मोनोटॉनिक स्टॅक म्हणतात. नवा माणूस आला की वरचे त्याच्याहून बुटके जण एकेक करून काढायचे आणि प्रत्येकासाठी एक मोजायचा. त्यानंतरही स्टॅकमध्ये कोणी उरला असेल, तर तो नव्यापेक्षा उंच असा पहिलाच माणूस, त्याच्यासाठी आणखी एक मोजायचा आणि नव्याला वर ठेवायचे.

```python
def visible(heights):
    n = len(heights)
    ans = [0] * n
    stack = []
    for i in range(n - 1, -1, -1):
        while stack and stack[-1] < heights[i]:
            stack.pop()
            ans[i] += 1
        if stack:
            ans[i] += 1
        stack.append(heights[i])
    return ans
```

माझ्या रांगेवर हे हाताने चालवले. १६३ आला तेव्हा स्टॅक रिकामा, उत्तर ०. १७५ ने १६३ ला काढले आणि मागे कोणी उरले नाही, उत्तर १. १५५ ला वर १७५ दिसला, १४९ ला १५५ दिसला, दोघांचे उत्तर १. १६० ने १४९ आणि १५५ यांना काढले आणि उरलेल्या १७५ ला मोजले, म्हणून ३. १५२ ला फक्त १६०, म्हणून १. शेवटी १६८ ने १५२ आणि १६० यांना काढले, १७५ ला मोजले, पुन्हा ३. डावीकडून वाचले तर ३, १, ३, १, १, १, ०.

लूपच्या आत लूप पाहून वेळ माणसांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढेल असे वाटते, पण प्रत्येक माणूस स्टॅकमध्ये एकदाच जातो आणि फार तर एकदाच बाहेर येतो, त्यामुळे एकूण काम माणसांच्या संख्येच्या प्रमाणातच राहते. याच्याही मुळाशी रांगेचा एक गुण आहे, जो मला प्रोग्रामपेक्षा अधिक आवडतो. दिसणारी प्रत्येक जोडी तिच्यातल्या बुटक्या माणसाच्या नावावर लिहावी. त्याच्या जोडीचा उंच माणूस उजवीकडे असेल तर तो त्याच्या उजवीकडचा पहिला उंच माणूसच असणार, आणि डावीकडे असेल तर डावीकडचा पहिला. म्हणून एकाच्या नावावर दोनपेक्षा जास्त जोड्या येऊच शकत नाहीत. सर्वांत उंच माणसाच्या नावावर एकही नसते, दुसऱ्या क्रमांकाच्या उंच माणसाच्या नावावर एकच असते, म्हणजे n माणसांच्या रांगेत दिसणाऱ्या जोड्या फार तर 2n − 3. सात जणांसाठी ही मर्यादा ११ येते आणि माझ्या रांगेतील उत्तरांची बेरीज १० आहे. कमी पडलेली ती एक जोडी १६३ ची: त्याच्या डावीकडे उंच माणूस आहे, उजवीकडे कोणीच नाही. सर्वांत उंच दोघे रांगेच्या दोन टोकांना उभे असतील, तर मर्यादा पूर्ण गाठली जाते.

तपासण्यासाठी दोन साध्या रांगा पुरेशा उपयोगी पडतात. १, २, ३, ४, ५ ही चढती आणि ५, ४, ३, २, १ ही उतरती, दोन्हींचे उत्तर १, १, १, १, ० असेच येते, पण वेगळ्या वाटेने. चढत्या रांगेत कोणीच काढला जात नाही आणि सगळी मोजणी उरलेल्या माणसाच्या ओळीतून होते; ती `if` ची ओळ विसरली तर तिथे सगळी शून्ये येतात. उतरत्या रांगेत सगळी मोजणी काढण्यातूनच होते. उरलेल्या एकाऐवजी कोणी स्टॅकमधले सगळेच मोजले, तर चढत्या रांगेचे उत्तर ४, ३, २, १, ० असे फुगते.

मूळ प्रश्नात उंची वेगवेगळ्या असल्याची हमी आहे, आणि वरील प्रोग्राम तिच्यावर अवलंबून आहे. १७०, १६०, १६० अशी रांग घेतली तर पहिल्याला एकच जण दिसायला हवा, कारण शेवटच्याच्या आड त्याच्याच उंचीचा माणूस उभा आहे आणि आड उभा असणारा बुटका असावा अशी अट आहे. प्रोग्राम मात्र २ सांगतो, कारण स्टॅकमध्ये दोन्ही १६० राहतात आणि १७० दोघांनाही काढून मोजतो. दुरुस्ती `append` च्या आधी करायची: आपल्याच उंचीचा माणूस वर असेल तर तो `if` मध्ये मोजून झालेला असतो, म्हणून त्याला आता न मोजता काढायचे.

```python
        if stack and stack[-1] == heights[i]:
            stack.pop()
```

या दोन ओळींनंतर उत्तर १, १, ० असे येते.